सुटा टोन आणि जोडीतला टोन

मँडरिन चिनीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात 'मा' हे एकच अक्षर चार तऱ्हांनी म्हणवून घेतात. उंच आणि सपाट म्हटले तर आई, खालून वर चढवले तर ताग-अंबाडीसारखी वाखाची वनस्पती, तळाला दाबून म्हटले तर घोडा आणि वरून खाली आपटले तर शिव्या देणे. हा खेळ बहुतेकांना जमतो. शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून 'मा' म्हटले, तरी कितवा टोन होता हे वर्ग ओरडून सांगतो. मग दोन-तीन महिन्यांनी दोन अक्षरी शब्द आणि छोटी वाक्ये सुरू होतात आणि हेच विद्यार्थी अडखळू लागतात. ऐकताना कुठला टोन होता ते कळत नाही. बोलताना पहिले अक्षर ठीक येते आणि दुसरे भलतीकडेच जाते. सुट्यात जमलेले जोडीत का मोडते, यावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत बरेच संशोधन झाले आहे आणि त्यातून सरावाची पद्धतही बदलत गेली आहे. हा आढावा त्याचा आहे. टोन असलेल्या भाषा जगात शेकडो आहेत. आपल्या देशातही पंजाबी, मणिपुरी, मिझो आहेत. पण सर्वात जास्त तपासली गेलेली भाषा मँडरिन, म्हणून तिच्यापुरतेच बोलू.

आधी मोजपट्टी पाहू. चाओ युआनरेन हे भाषाशास्त्रज्ञ होते आणि संगीतकारही. १९३० साली त्यांनी टोन लिहिण्याची एक सोपी पद्धत मांडली. बोलणाऱ्याच्या आवाजाची रोजची सर्वात खालची पातळी १ आणि सर्वात वरची ५ धरायची, आणि टोन कुठून निघून कुठे जातो ते आकड्यांत लिहायचे. या पद्धतीने मँडरिनचा पहिला टोन ५५, दुसरा ३५, तिसरा २१४ आणि चौथा ५१. याखेरीज काही अक्षरांना स्वतःचा टोन नसतो. ती आखूड आणि हलकी म्हटली जातात आणि मागच्या अक्षराने सोडलेल्या जागेवर उतरतात. त्यांना हलका टोन म्हणू.

या पट्टीत महत्त्वाचे हे की पाचही पातळ्या बोलणाऱ्याच्या स्वतःच्या आहेत. एखाद्या पुरुषाचा आवाज बोलताना १०० ते २०० हर्ट्झच्या दरम्यान फिरतो असे धरा. हे बरोबर एक सप्तक झाले. त्याचे चार सारखे भाग केले तर पाच पातळ्या साधारण १००, ११९, १४१, १६८ आणि २०० हर्ट्झवर येतात. १८० ते ३६० हर्ट्झमध्ये बोलणाऱ्या बाईचा तळ म्हणजे या पुरुषाचा जवळजवळ माथा. तिचा खालचा तिसरा टोन आणि त्याचा उंच पहिला टोन यांची कंपने एकसारखी असू शकतात, आणि तरीही चिनी माणसाला गोंधळ होत नाही, कारण कान आधी बोलणाऱ्याची पट्टी ओळखतो आणि मग टोन ठरवतो. मूर आणि जाँगमन यांनी १९९७ मध्ये हेच दाखवले. मधोमध घेतलेले एकच अक्षर उंच आवाजाच्या वाक्यानंतर ऐकवले तर ऐकणारे त्याला खालचे समजतात आणि खालच्या आवाजाच्या वाक्यानंतर ऐकवले तर वरचे. म्हणून ज्याने फक्त आपल्या शिक्षिकेचाच आवाज ऐकला आहे त्याला पुरुषाचा आवाज आला की काही काळ काहीच कळेनासे होते. हा विसरभोळेपणा नव्हे. त्याच्या कानाने टोनऐवजी त्या बाईंच्या आवाजाची उंची पाठ केलेली असते.

आता मराठी कानाचे पाहू. आपण सूर वरखाली करत नाही असे मुळीच नाही. 'हं' हा एकच उच्चार घ्या. खाली आपटून म्हटला तर होकार, वर चढवून म्हटला तर 'काय म्हणालास?', सपाट लांबवला तर 'ऐकतोय, पुढे बोल'. मँडरिनचे चौथा, दुसरा आणि पहिला हे तीन टोन येथे आयतेच सापडतात. घशाला ही हालचाल नवी नाही. मराठीत ती शब्दाला चिकटलेली नसते, बोलणाऱ्याच्या मनातल्या भावाला आणि वाक्याच्या हेतूला चिकटलेली असते, एवढाच फरक. म्हणून मराठी शिकणाऱ्याच्या चुकांनाही एक वळण असते. प्रश्न विचारताना तो शेवटचे अक्षर वर ओढतो, मग त्या अक्षराचा टोन उतरता का असेना. चिनीतही प्रश्न वर जातो, पण तेथे सगळे वाक्यच थोडे वरच्या पट्टीत सरकते आणि प्रत्येक अक्षर आपला आकार राखून असते. तसेच शंका असलेला शब्द तो चढवतो आणि खात्रीचा शब्द उतरवतो. माय हे अक्षर तिसऱ्या टोनात खरेदी आणि चौथ्या टोनात विक्री असल्यामुळे बाजारात हे महागात पडू शकते.

मराठी माणसाची एक बाजू मात्र भक्कम आहे. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख असे श्वासाचे भेद आहेत आणि इंग्रजी बोलणाऱ्याला ते वेगळे शिकावे लागतात. आपल्याला ते लिपीसकट मिळालेले असतात, फक्त फ ओठ-दातांनी न म्हणता दोन्ही ओठांनी म्हणायचा. त्यामुळे व्यंजनांवर जाणारा वेळ टोनकडे वळवता येतो.

गाणे शिकलेल्यांना टोन लवकर येतात का, हा प्रश्न आपल्याकडे हटकून विचारला जातो. येतात, सरासरीने. वाँग आणि पेराकियोनी यांनी २००७ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्यांना टोनवर आधारलेले बनावट शब्द शिकवले. ज्यांना संगीताची पार्श्वभूमी होती आणि ज्यांना शब्दाविना नुसती सुराची चाल ओळखता येत होती, ते पुढे गेले. ख्याल शिकलेल्या माणसाला दुसरा टोन ही वर जाणारी आखूड मींड आहे हे सांगावे लागत नाही. पण त्याला एक खोडही असते. तो षड्ज धरून बसतो. वाक्यातले प्रत्येक ५५ त्याला त्याच स्वरावर परत यायला हवे असते, आणि बोलणे तसे चालत नाही. वाक्य पुढे जाते तशी सगळी पट्टी हळूहळू खाली उतरते. वाक्याच्या शेवटचा पहिला टोन सुरुवातीच्या पहिल्या टोनपेक्षा चांगलाच खाली असतो आणि तरी तो पहिलाच असतो.

कान तयार करता येतो का, यावरचा सर्वात जास्त उल्लेखला जाणारा प्रयोग १९९९ चा आहे. वाँग, स्पेन्स, जाँगमन आणि सेरेनो यांनी आठ अमेरिकन विद्यार्थ्यांना दोन आठवड्यांत प्रत्येकी चाळीस मिनिटांच्या आठ बैठका दिल्या. काम अगदी साधे होते. अक्षर ऐकायचे, दोनपैकी कुठला टोन ते सांगायचे आणि बरोबर की चूक हे लगेच कळायचे. बोलायचे काहीच नव्हते. आवाज मात्र वेगवेगळ्या माणसांचे आणि अक्षरे वेगवेगळी होती. ओळखण्याची अचूकता सरासरी २१ टक्क्यांनी वाढली. न ऐकलेल्या माणसांच्या आवाजातही ती वाढ दिसली आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हाही टिकून होती. २००३ मध्ये याच गटाने त्या विद्यार्थ्यांचे बोलणे तपासले. केवळ ऐकण्याच्या सरावाने त्यांचे टोन उच्चारणेही १८ टक्क्यांनी सुधारले होते. यातला एक बारकावा वर्गात फारसा सांगितला जात नाही. वळणाचा आकार लवकर सुधारला आणि उंची हटवादी राहिली. विद्यार्थी चढता टोन चढवू लागले, पण तो पट्टीतल्या योग्य जागेवरून निघेना.

या प्रयोगानंतर 'जितके आवाज जास्त तितके चांगले' हे जवळजवळ ब्रीद झाले. २०११ मध्ये पेराकियोनी आणि सहकाऱ्यांनी त्याला लगाम घातला. ज्यांना सुराची चाल मुळातच कळते त्यांना अनेक आवाजांचा फायदा झाला. ज्यांना ती कळत नव्हती त्यांचे मात्र आवाज पाठोपाठ बदलत राहिल्याने नुकसानच झाले. आवाज तेच ठेवून ते एकत्र न मिसळता एकेका माणसाचे गट करून ऐकवले, तेव्हा या दुसऱ्या विद्यार्थ्यांनाही वाट सापडली. माझ्या मते याचा वर्गातला अर्थ असा: सुरुवातीला एका बैठकीत एकच आवाज, दुसऱ्या बैठकीत दुसरा आणि मिश्रण नंतर. कोणता विद्यार्थी कोणत्या गटात हे ओळखायला परीक्षा लागत नाही. गुणगुणलेली चाल वर गेली की खाली, हे ज्याला विचार करून सांगावे लागते तो दुसऱ्या गटातला.

तिसऱ्या टोनवर थोडे रेंगाळायला हवे, कारण निम्मा घोटाळा त्याचा आहे. पाठ्यपुस्तकात तो खाली जाऊन वर येणारा, २१४ असा काढलेला असतो, आणि शब्द सुटा म्हटला किंवा वाक्य तेथे थांबले तर तो तसा येऊही शकतो. पण वाक्याच्या मध्ये त्याचे शेपूट गळून पडते. पहिला, दुसरा किंवा चौथा टोन पुढे आला की तिसरा नुसता २१ असतो, तळाला जाऊन तेथेच राहणारा. पुढे आणखी एक तिसरा टोन आला तर आधीचा तिसरा चक्क चढता होतो, ३५. पेइचिंग या शहराच्या नावात पेइ नुसते खाली जाते आणि चिंग उंच सपाट. त्यात दरीतून वर चढणे कुठेच नाही. पण 'खाली जाऊन वर ये' असे पाठ केलेला विद्यार्थी प्रत्येक तिसऱ्या टोनाला शेपूट लावतो. त्याचा वर येणारा भाग ऐकणाऱ्याला दुसऱ्या टोनसारखा भासतो, आणि ऐकताना त्याला स्वतःलाही खरा तिसरा टोन सापडत नाही, कारण तो न येणाऱ्या चढावाची वाट पाहत असतो.

सुटे अक्षर ऐकताना दुसरा आणि तिसरा यांचीच गफलत सर्वात जास्त होते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. दोघेही आधी थोडे खाली जातात आणि मग वर. फरक वळणाच्या बिंदूत असतो. दुसऱ्या टोनात खाली जाणे नावापुरते असते आणि वळण लवकर येते. तिसऱ्यात सूर बराच खाली जातो आणि वळण अक्षराच्या मध्यावर किंवा त्याच्याही पुढे येते. तिसरा लांबही असतो, आणि तळाशी गेल्यावर अनेकांचा आवाज खरखरतो, जुने दार उघडताना करकरते तसा. ही करकर चूक नाही, खूण आहे. म्हणून आज बरेच शिक्षक तिसऱ्याला 'खालचा टोन' म्हणूनच शिकवतात आणि शेपूट नंतर विशेष प्रसंग म्हणून सांगतात. माझे मतही तेच आहे. निम्म्या वर्षाची डोकेदुखी यात वाचते.

दोन तिसरे एकत्र आले की पहिला दुसऱ्यासारखा होतो, मग खऱ्या दुसरा-तिसरा जोडीपासून तो वेगळा ओळखता येतो का? विल्यम वाँग आणि कुंग-पु ली यांनी १९६७ मध्ये हे चिनी लोकांनाच विचारले. त्यांची उत्तरे नाणे उडवून दिल्याइतकीच बरोबर निघाली. तेव्हा 'नी हाओ'तल्या नीमध्ये तिसऱ्या टोनाचा काही अंश ऐकू येतो का म्हणून कान टवकारण्यात विद्यार्थ्याने वेळ घालवू नये.

आता मूळ प्रश्न, जोडीत काय बिघडते. याचे सर्वात चांगले उत्तर यी शू यांच्या नव्वदच्या दशकातल्या कामात मिळते. घशातले स्नायू सूर क्षणात बदलू शकत नाहीत. दुसऱ्या अक्षराचा टोन सुरू होतो तेव्हा सूर पहिल्या अक्षराने जेथे सोडला तेथेच असतो. तेथून तो आपल्या लक्ष्याकडे निघतो आणि अक्षराच्या उत्तरार्धात तेथे पोचतो. त्यामुळे पहिल्या टोनानंतरचा चढता दुसरा टोन आधी उतरताना दिसतो, कारण ५ वरून ३ वर आल्याशिवाय चढणार कसे? चढता टोन संपला तरी सूर लगेच थांबत नाही. त्याचे शिखर कित्येकदा पुढच्या अक्षराच्या सुरुवातीला येते. याहून विचित्र म्हणजे दोन्ही बाजूंनी टोन विरोधी असले की भरभर बोलण्यात मधला चढता टोन सपाट होतो, कधी उतरतोदेखील. शू यांनी १९९४ मध्ये असली अक्षरे वाक्यातून कापून चिनी लोकांना ऐकवली. वाक्यात ती ऐकली तेव्हा लोकांनी टोन बहुतेकदा बरोबर ओळखला. सुटी करून ऐकवली तेव्हा उत्तरे निव्वळ अंदाजाने येतील त्याहूनही कमी बरोबर आली.

हे ध्यानात घेतले की सुट्या अक्षरांच्या सरावाची मर्यादा आपोआप कळते. शिकणाऱ्याने चार आकार पाठ केले. पण खऱ्या बोलण्यात ते आकार क्वचितच त्या रूपात येतात. चिनी माणूसही ते आकार ऐकत नाही, शेजाऱ्यांचा हिशेब वजा करून लक्ष्य ऐकतो. हा हिशेब शिकायला निदान दोन अक्षरे लागतात, आणि मँडरिनमध्ये दोन अक्षरी शब्द इतके आहेत की जोडी हे सरावाचे सोयीचे माप ठरते. वाक्य घेतले तर एका वेळी फार गोष्टी हलतात.

सरावाचा तक्ता साधा आहे. चार ओळी पहिल्या अक्षराच्या टोनच्या. पाच स्तंभ दुसऱ्याच्या, चार टोन आणि एक हलका. वीस घरे झाली, आणि तिसरा-तिसरा हे घर ऐकायला दुसरा-तिसरा यासारखेच असल्याने खरी एकोणीस. प्रत्येक घरात आपल्याला अर्थासकट पक्का येणारा एक शब्द ठेवायचा. पहिला-पहिला मध्ये चिनथ्येन, म्हणजे आज. पहिला-दुसरा मध्ये चोंगक्वो, म्हणजे चीन. दुसरा-पहिला मध्ये मिंगथ्येन, म्हणजे उद्या. दुसरा-दुसरा मध्ये मिंगन्येन, म्हणजे पुढचे वर्ष. दुसरा-तिसरा मध्ये न्योउनाय, दूध. तिसरा-पहिला मध्ये लाओशी, शिक्षक. चौथा-पहिला मध्ये म्येनपाओ, पाव. चौथा-चौथा मध्ये त्येनह्वा, टेलिफोन. हे शब्द नंतर मोजपट्टीचे काम करतात. नवा शब्द दुसरा-दुसरा आहे असे कळले की 'मिंगन्येनच्या चालीवर' असे मनात म्हणता येते.

वीसही घरे सारखी अवघड नसतात. जेथे पहिल्या अक्षराचा टोन संपतो तेथेच दुसऱ्याचा सुरू होतो अशा जोड्या आपोआप येतात. पहिला-पहिला, पहिला-चौथा, दुसरा-पहिला यांत सूर जेथे आहे तेथून पुढे जायचे असते. घोटाळा होतो तो सूर उडी मारून दुसरीकडे न्यावा लागतो तेथे. दुसरा-दुसरा मध्ये चढून झाल्यावर पुन्हा खाली येऊन चढायचे असते, आणि शिकणारा दुसऱ्या अक्षरात वरच राहतो. त्याचा मिंगन्येन दुसरा-पहिला होतो. चौथा-चौथा आणि चौथा-पहिला मध्ये उतरल्यावर परत माथ्यावर जायचे असते आणि शिकणारा मध्यावरच सुरुवात करतो. सरावाचा वेळ सगळ्या घरांना सारखा वाटण्यात अर्थ नाही. या तीन-चार घरांना निम्मा वेळ द्यावा.

क्रम असा ठेवलेला बरा. एका ओळीतली दोनच घरे घ्यायची, म्हणजे पहिल्या अक्षराचा टोन तोच आणि दुसऱ्याचा वेगळा. आधी फक्त ऐकून कुठली जोडी ते सांगायचे आणि उत्तर लगेच तपासायचे. दहापैकी नऊ बरोबर येऊ लागेपर्यंत तोंड उघडायचे नाही. मग व्यंजने काढून तोंड मिटून नुसती 'हं-हं' अशी चाल गुणगुणायची, मूळ आवाजापाठोपाठ. गुणगुणण्यात जीभ आणि ओठ मोकळे असतात आणि सगळे लक्ष सुराकडे राहते. चाल बसली की त्याच श्वासात अक्षरे परत घालायची. दोन अक्षरांमध्ये थांबा घेऊन जोडी बरोबर म्हणता येते, पण तो मग दोन सुट्या अक्षरांचा सराव झाला.

येथे आलेखाचा उपयोग होतो. बोललेल्या आवाजाची मूळ कंपनसंख्या वेळेनुसार काढली की टोनचे वळण डोळ्यांना दिसते. ॲम्स्टरडॅमच्या बूर्स्मा आणि वेनिंक यांनी केलेला Praat हा कार्यक्रम फुकट मिळतो आणि संशोधकही तोच वापरतात. एक जोडी नमुन्यासाठी उलगडून पाहू. श्वेच्याओ हा शब्द दोन्ही अक्षरे तिसऱ्या टोनात म्हटला तर उकडलेले सारण भरलेले मुटके, आपल्या मोदकांचे चुलतभाऊ. दोन्ही चौथ्या टोनात म्हटला तर झोपणे. चिनी खानावळीत एक वाडगा झोप मागणारा परदेशी हा तेथला जुना विनोद आहे. आपल्या १०० ते २०० हर्ट्झच्या माणसाकडून अपेक्षा अशी. खाण्याच्या शब्दात पहिले अक्षर चढते, १४१ वरून २०० पर्यंत, आणि दुसरे १०० च्या तळाला जाऊन शब्द तेथेच संपत असेल तर थोडे वर येते. झोपेच्या शब्दात पहिला चौथा टोन पुढच्या चौथ्यासमोर अर्धाच उतरतो, म्हणजे २०० वरून १४१ पर्यंत, आणि दुसरा पुन्हा २०० वरून सुरू होऊन १०० वर संपतो.

समजा, शिकणाऱ्याने दोन्ही शब्द ध्वनिमुद्रित केले आणि आलेखावर हे आकडे आले. खाण्याच्या शब्दात पहिले अक्षर १५० वरून १६५, दुसरे १३० पर्यंत जाऊन १७० वर संपले. झोपेच्या शब्दात पहिले १९० वरून १५०, दुसरे १५५ वरून १०५. हर्ट्झची वजाबाकी येथे फसवते, कारण कानाला पट ऐकू येतो, फरक नाही. म्हणून अर्धस्वरांत मोजायचे:

```
12 * log2 (f2 / f1)
```

१५० ते १६५ हा चढ जेमतेम १.७ अर्धस्वर भरतो, हवा होता सहा. म्हणजे चढता टोन जवळजवळ सपाट झाला. दुसऱ्या अक्षराचा सर्वात खालचा बिंदू १३० हर्ट्झ, तळापासून साडेचार अर्धस्वर वर. टोनचा आकार दरीचाच आहे, पण दरी मध्यावर अडकली आहे आणि शेवटचा चढाव तेवढा ऐकू येतो. चिनी माणसाला हे पहिला-दुसरा असे काहीतरी ऐकू येईल. झोपेच्या शब्दात पहिले अक्षर चार अर्धस्वर उतरले, ते चालण्याजोगे आहे. दुसरे १५५ पासून निघाल्याने जेमतेम पावणेसात उतरले, बाराऐवजी. ते पट्टीच्या वरच्या भागात गेलेच नाही, म्हणून उतरत्या टोनऐवजी खालच्या टोनसारखे ऐकू येईल. निदान दोन ओळींत संपते: माथा परत गाठला नाही आणि तळ गाठलाच नाही. उपायही मग नेमका होतो. आकारावर मेहनत नको. झोपेच्या शब्दात दोन अक्षरांमधल्या 'च'च्या निःशब्द क्षणात सूर मुद्दाम वर न्यायचा, आणि खाण्याच्या शब्दात दुसरे अक्षर आवाज करकरेपर्यंत खाली दाबायचे.

आलेख वाचताना काही गोष्टी माहीत नसल्या तर तो दिशाभूल करतो. श आणि च हे अघोष असल्याने तेथे रेषा तुटते आणि व्यंजनानंतर पहिले काही क्षण ती कृत्रिमपणे उंच असते. म्हणून सुरुवातीला म, न, ल असलेले शब्द घ्यावेत, मिंगन्येन किंवा न्योउनाय, म्हणजे रेषा सलग दिसते. तिसऱ्या टोनाच्या करकरीत यंत्र गोंधळते. रेषा नाहीशी होते किंवा एकदम अर्ध्यावर नाहीतर दुपटीवर उडी मारते. १८० वरून अचानक ९० दिसले आणि कानाला मात्र उडी ऐकू आली नाही, तर ती यंत्राची चूक समजावी. शोधाची खालची आणि वरची मर्यादा आपल्या आवाजाला साजेशी ठेवली की या उड्या कमी होतात. पुरुषी आवाजाला साधारण ७५ ते ३०० आणि बायकी आवाजाला १०० ते ५०० हर्ट्झ.

दुसरा धोका डोळ्यांचा आहे. शिकणारा शिक्षिकेची रेषा आपल्या रेषेवर बसवायला जातो. शू यांचे काम आठवले तर रेषेचा कुठला भाग पाहायचा हे कळते: प्रत्येक अक्षराचा उत्तरार्ध. पूर्वार्धात मागच्या टोनाचे अवशेष असतात, आणि ते नक्कल करायला गेले की बोलणे ओढूनताणून केल्यासारखे होते. तुलना करायची तर तीन प्रश्न पुरतात. शेवटचा बिंदू स्वतःच्या पट्टीत कितव्या पातळीवर आहे, तेथे जाताना दिशा कोणती, आणि दोन अक्षरांत सर्वात उंच व सर्वात खालचा बिंदू यांत पट्टीचा पुरेसा भाग वापरला का. शिकणाऱ्यांची पट्टी बहुधा अरुंद असते. परक्या भाषेत मोठ्याने वरखाली बोलायला संकोच वाटतो आणि सगळे टोन मधल्या दोन पातळ्यांत दाटीवाटीने उभे राहतात.

इतके सगळे जमले तरी एक अडचण उरते, आणि या विषयातले अलीकडचे सर्वात अस्वस्थ करणारे निष्कर्ष तिच्याबद्दलचेच आहेत. २०१९ मध्ये पेल्झल आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे चिनी शिकलेल्या, उत्तम बोलणाऱ्या इंग्रजी भाषकांना तपासले. सुट्या अक्षरांचे टोन ते जवळजवळ चिनी लोकांसारखे ओळखत होते. मग त्यांना शब्द ऐकवले. काही खरे, काहींत फक्त टोन बदलून केलेले बनावट. हा शब्द भाषेत आहे का, एवढेच सांगायचे होते. स्वर बदलून केलेले बनावट शब्द त्यांनी पकडले. टोन बदलून केलेले मात्र फार मोठ्या प्रमाणात खरे समजून सोडून दिले. कान तयार होता, पण त्यांच्या मनातल्या शब्दकोशात टोन शब्दाचा भाग म्हणून नोंदलाच गेला नव्हता, किंवा ऐकताना त्या नोंदीकडे लक्ष जात नव्हते.

जोड्यांचा सराव याला एकटा पुरणार नाही, कारण त्यात टोन समोर दिलेला असतो. त्यासाठी उलटा सराव लागतो. शब्द ऐकण्यापूर्वी, नुसता अर्थ पाहून, त्याच्या टोनचे आकडे कागदावर लिहायचे आणि मग ध्वनिमुद्रण ऐकून तपासायचे. आकडे चुकले तर शब्द आलाच नाही असे धरायचे, अर्थ कितीही पाठ असला तरी. दुसरा सराव चुका शोधण्याचा. जोडीदाराने ओळखीचे शब्द वाचावेत, मधूनच एखाद्याचा टोन बिघडवावा आणि ऐकणाऱ्याने तेथे थांबवावे. येनचिंग हा त्यासाठी चांगला शब्द आहे. पहिले अक्षर तिसऱ्या टोनात आणि दुसरे हलके असले तर डोळा, दुसरे चौथ्या टोनात पूर्ण उतरले तर चष्मा. तिसऱ्या टोनानंतर हलके अक्षर चौथ्या पातळीवर, म्हणजे बरेच उंच येते, त्यामुळे दोन्ही शब्दांत दुसरे अक्षर वरूनच सुरू होते. एक तेथेच आखूड संपते, दुसरे लांबून तळापर्यंत उतरते. डॉक्टरला डोळा दुखतो असे सांगायचे असेल तर हा फरक कळायलाच हवा, आणि तो ऐकू यायला लागला की हलक्या टोनाच्या स्तंभातली उरलेली तीन घरे घ्यायला हरकत नाही: पहिल्यानंतर दुसऱ्या पातळीवर, दुसऱ्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्यानंतर अगदी तळाला.